९५ टक्के नेमके कशाचे? कॉन्फिडन्स इंटरव्हलची स्लाइड वाचताना

कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या स्लाइड्स कुठल्याही कोर्समध्ये बघा, साधारण एकाच वळणाच्या असतात. आधी सूत्र, मग सोडवलेलं उदाहरण, आणि त्याखाली एक वाक्य: ‘खरी सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये आहे, असं आपण ९५ टक्के कॉन्फिडन्सने म्हणू शकतो.’ पुढच्या स्लाइडवर एक चित्र असतं. मधोमध एक उभी रेघ, तिला छेदून जाणाऱ्या वीसेक आडव्या रेघा, आणि त्यातली एखादी लाल, उभ्या रेघेला न शिवणारी. मी बीएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. सूत्र बहुतेकांना जमतं, वाक्य सगळे पाठ करतात, आणि चित्रावरून भरभर पुढे जातात. खरं तर सूत्र विसरलं तरी चालेल. विषय त्या चित्रात आहे.

पीक कापणीचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे उत्पादनाचा अंदाज अजूनही याच पद्धतीने काढतात. समजा एका तालुक्यात सोयाबीनच्या शेतांमधून यादृच्छिक पद्धतीने १६ जागा निवडल्या. प्रत्येक जागी १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखला, तो कापला, मळला आणि दाणे तोलले. सोळा प्लॉटची सरासरी आली ९.२ किलो आणि प्रमाण विचलन २.४ किलो. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून स्टँडर्ड एरर २.४ भागिले ४, म्हणजे ०.६ किलो. निरीक्षणं सोळा, म्हणून १५ डिग्रीज ऑफ फ्रीडम. टी-टेबलमध्ये ९५ टक्क्यांसाठी २.१३१ मिळतो. त्याला ०.६ ने गुणलं की १.२८. इंटरव्हल झाला ७.९२ ते १०.४८ किलो. प्लॉट ५० चौरस मीटरचा आहे, म्हणून २०० ने गुणलं की हेक्टरी साधारण १५८४ ते २०९६ किलो.

इथपर्यंत कोणाचं अडत नाही. आता मी विचारते, ‘९५ टक्के म्हणजे काय?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘मॅडम, तालुक्याची खरी सरासरी ७.९२ आणि १०.४८ च्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या सिद्धांतात हे विधान बसत नाही.

तालुक्याची खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा आहे. आपल्याला माहीत नाही, पण तो हलत नाही. सोळा जागा निवडण्याआधी अनिश्चित काय होतं? कुठल्या जागा येणार, त्यांची सरासरी किती येणार, आणि म्हणून इंटरव्हलची दोन टोकं कुठे पडणार. संभाव्यता आहे ती या निवडीत. एकदा प्लॉट कापले, दाणे तोलले आणि ७.९२ व १०.४८ हे आकडे हातात आले की नशिबावर सोडलेलं काही उरत नाही. खरी सरासरी त्यांच्या मध्ये आहे किंवा नाही. ९५ टक्के हा त्या कृतीचा गुण आहे: हीच कृती पुन्हा पुन्हा केली, दर वेळी नव्या सोळा जागा घेतल्या, तर दीर्घकाळात शंभरातले सुमारे ९५ इंटरव्हल खऱ्या सरासरीला पकडतील. आपल्या हातातला इंटरव्हल त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. ही कल्पना मांडणाऱ्या येर्झी नेमन यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता. नमुना हातात आल्यावर त्या विशिष्ट मर्यादांबद्दल ही संभाव्यता सांगता येईल का, याचं त्यांचं उत्तर स्पष्ट नकारार्थी होतं.

लाल रेघेचं चित्र स्वतः काढून बघितल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही. पायथनमध्ये एवढंच पुरतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
mu, sd, n, t = 9.0, 2.4, 16, 2.131
x = rng.normal(mu, sd, size=(10000, n))
m = x.mean(axis=1)
h = t * x.std(axis=1, ddof=1) / np.sqrt(n)
print(np.mean(np.abs(m - mu) <= h))
```

इथे खरी सरासरी ९.० आपणच ठरवली आहे, म्हणून प्रत्येक इंटरव्हलने ती पकडली की नाही हे तपासता येतं. उत्तर ०.९५ च्या अगदी जवळ येईल. मग `t` च्या जागी 1.96 टाकून बघा. उत्तर ०.९३ च्या आसपास घसरेल. लहान नमुन्याला टी-टेबल का लागतं, हे अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा या एका बदलात लवकर कळतं. `m` आणि `h` चे पहिले वीस आकडे छापून वहीवर आडव्या रेघा मारा. रेघांची लांबी कमीजास्त आहे हेही दिसेल, कारण दर नमुन्याचं प्रमाण विचलन वेगळं असतं. बऱ्याच स्लाइड्सवर त्या सगळ्या एकाच मापाच्या काढलेल्या असतात, ते प्रमाण विचलन आधीच माहीत आहे असं गृहीत धरून.

हुशार मुलं यावर वाद घालतात, आणि घालावाच. ‘शंभरातले ९५ बरोबर असतात, मग माझ्या हातातल्या एकाबद्दल ९५ टक्के म्हटलं तर बिघडलं कुठे?’ पीक कापणीच्या उदाहरणात बिघडलेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी दुसरं देते.

जमिनीखाली एक पाइप आहे. तो शोधायचं यंत्र दर वेळी खऱ्या जागेच्या डावीकडे किंवा उजवीकडे जास्तीत जास्त अर्धा मीटर चुकतं, आणि त्या मर्यादेतली कुठलीही चूक सारखीच संभवते. आपण दोनदा मोजतो, दोन खुणा करतो आणि म्हणतो, पाइप या दोन खुणांच्या मध्ये आहे. प्रत्येक खूण डावीकडे पडण्याची शक्यता निम्मी, उजवीकडे पडण्याची निम्मी. एक इकडे आणि एक तिकडे पडली तरच पाइप मध्ये सापडतो, आणि तसं निम्म्या वेळा होतं. म्हणजे हा नियमाप्रमाणे ५० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल झाला. यात गोलमाल काही नाही.

आता समजा दोन खुणांमध्ये ८० सेंटीमीटर अंतर आलं. दोन्ही खुणा पाइपच्या एकाच बाजूला असत्या तर त्यांच्यातलं अंतर ५० सेंटीमीटरच्या वर जाऊच शकलं नसतं. म्हणजे त्या दोन बाजूंना आहेत आणि पाइप नक्की मध्ये आहे. इंटरव्हलवर लेबल मात्र ५० टक्क्यांचं! उलट खुणा २ सेंटीमीटर अंतरावर पडल्या, तर? दोन खुणांमध्ये नेमकं इतकंच अंतर पडलेल्या सगळ्या वेळा बाजूला काढल्या, तर त्यातल्या जेमतेम दोन टक्के वेळांना पाइप त्या चिंचोळ्या फटीत असतो. लेबल तरीही ५० टक्क्यांचंच. पद्धतीचं शतमान बरोबर असतं आणि तरी हातातल्या इंटरव्हलबद्दल ते शतमान उघड उघड खोटं ठरू शकतं. या उदाहरणानंतर सहसा वाद होत नाही.

सरासरीच्या नेहमीच्या टी-इंटरव्हलमध्ये असला विचित्रपणा समोर येत नाही, म्हणूनच चुकीचा अर्थ वर्षानुवर्षं पचून जातो. ‘खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता इतकी’ असंच वाक्य हवं असेल, तर त्यासाठी बेज यांच्या पद्धतीचा रस्ता आहे. पण तिथे नमुना घेण्याआधी सरासरीबद्दल तुमचा काय अंदाज होता, तो संभाव्यतेच्या रूपात मांडावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही.

परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत आणखी दोन सापळे येतात. एक, ‘९५ टक्के प्लॉटचं उत्पादन या मर्यादेत आहे.’ अजिबात नाही. आपल्या प्लॉटचं प्रमाण विचलन २.४ किलो आहे. सुट्या प्लॉटची वजनं ७.९२ च्या खाली आणि १०.४८ च्या वर सर्रास जातील. इंटरव्हल सरासरीचा आहे, प्लॉटचा नाही. दुसरा जरा फसवा: ‘पुन्हा सर्वेक्षण केलं तर नव्या नमुन्याची सरासरी ९५ टक्के वेळा याच इंटरव्हलमध्ये येईल.’ इथे पहिली सरासरीही हललेली असते आणि दुसरीही हलते. दोघींच्या फरकाची स्टँडर्ड एरर एकटीच्या दोनच्या वर्गमूळपट होते. प्रमाण विचलन माहीत आहे असं धरलं, तर १.९६ भागिले १.४१४ म्हणजे १.३९, आणि त्यावरून उत्तर येतं सुमारे ८३ टक्के. तेही पहिला-दुसरा असे कितीतरी नमुने घेतल्यावरचं सरासरी उत्तर.

अहवालात मी काय लिहायला सांगते? ‘हेक्टरी सरासरी अंदाजे १८४० किलो, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १५८४ ते २०९६ किलो, १६ प्लॉट, यादृच्छिक निवड.’ पुढे अर्थ सांगायची वेळ आली तर पद्धतीबद्दल बोलावं. शेवटचे दोन शब्द वगळू नयेत, कारण ९५ टक्क्यांचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. रस्त्यालगतची सोयीची शेतं निवडली असतील तर सूत्र काही तक्रार करत नाही. ते तितक्याच ऐटीत दोन आकडे देतं.

याचा इतिहास आपल्या जवळचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकले, त्या काळात नेमनही तिथेच होते. परत आल्यावर १९४० च्या दशकात त्यांनी यादृच्छिक पीक कापणीचं काम देशात उभं केलं. अगदी लहान प्लॉट घेतले की उत्पादन फुगून येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कारण साधं आहे. प्लॉटच्या कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, हे कापणारा ठरवतो आणि त्याचा हात आत धरण्याकडे झुकतो. प्लॉट जितका लहान, तितका क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा वाटा मोठा.

आता हा फुगवटा आपल्या इंटरव्हलमध्ये घालून बघा. समजा दर प्लॉटमागे सरासरी अर्धा किलो जास्त मोजला जातोय. सोळा प्लॉटला इंटरव्हल रुंद आहे, ही चूक त्यात बऱ्यापैकी लपते. मग कोणीतरी म्हणतं, अचूकता वाढवू, ४०० प्लॉट घेऊ. स्टँडर्ड एरर ०.१२ वर येते, इंटरव्हल सरासरीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पाव किलोचा उरतो, पण अर्ध्या किलोची चूक जागच्या जागी राहते. असे इंटरव्हल खऱ्या सरासरीला शंभरातून एखाद-दोन वेळाच पकडतील, आणि प्रत्येकावर ९५ टक्केच छापलेलं असेल. वरच्या कोडमध्ये `n` 400 करा, `t` 1.966 करा, `m` मध्ये 0.5 मिळवा आणि चालवून बघा.