भाजी बाजार आणि मोबाइल रिचार्ज: बाजाररचना शिकवताना या चुका टाळा

पूर्ण स्पर्धेच्या स्लाइडवर आपण जळगावच्या भाजी बाजाराचा फोटो टाकतो आणि म्हणतो, "सगळ्यांचा भाव सारखा, म्हणून पूर्ण स्पर्धा." घोळ इथूनच सुरू होतो. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मग सर, रिचार्जही सगळ्यांचं सारखंच आहे की!"

खरंच आहे. 2024 च्या जुलैत जिओचा 28 दिवसांचा 239 रुपयांचा प्लॅन 299 वर गेला, एअरटेलचा 265 चा आणि व्हीआयचा 269 चाही 299 वरच. डेटा कमीजास्त असेल, पण आकडा एकच. तिघांच्या घोषणा 27 आणि 28 जूनला, दोन दिवसांत झाल्या.

म्हणून भाव सारखा आहे का, हे विचारू नका. मी भाव बदलला तर दुसरा हलतो का, हे विचारा. समजा, एक शेतकरी लिलावात 80 किलो वांगी आणतो आणि भाव 30 रुपये निघालाय. तो 32 वर अडून बसला तर माल तसाच राहील. निम्माच माल आणला तरी भाव जागचा हलणार नाही, शेजारच्याला तर पत्ताही लागणार नाही. रिचार्जमध्ये उलट. एकाने दर वाढवले की बाकीचे त्याच रात्री हिशेब मांडतात. हाच अल्पाधिकार. मात्र एवढ्यावरून संगनमत झालं असं ठरत नाही. एकमेकांकडे बघूनही आकडे जुळतात.

दुसरी चूक आकृतीत होते. आडवी मागणी रेषा त्या एका शेतकऱ्याची असते. वांग्याच्या एकूण बाजाराची रेषा खाली उतरतीच. दोन्ही आकृत्या शेजारी काढा, डावीकडे बाजार, उजवीकडे शेतकरी.

आता फोटोबद्दल. किरकोळ बाजारातला विक्रेता पूर्ण स्पर्धेत बसतोच असं नाही. भरताची हिरवी वांगी आणि साधी वांगी हा एकच माल नव्हे. खान्देशात कुणालाही विचारा! ठरलेल्या भाजीवाल्याला दोन रुपये जास्त देणारी गिऱ्हाइकंही असतात. ती मक्तेदारीयुक्त स्पर्धा झाली. लिलावाचं उदाहरण जास्त जवळचं, पण तिथे शेतकरी शेकडो आणि घेणारे व्यापारी मूठभर असले, तर खरेदीच्या बाजूनं तोही अल्पाधिकारच.

मक्तेदारीसाठी जिओचं नाव घेऊ नका. ग्राहक सर्वाधिक असले म्हणजे विक्रेता एकटा ठरत नाही; नंबर न बदलता कंपनी बदलता येते. त्याऐवजी घरचं वीजमीटर दाखवा. जळगावात घरी वीज देणारी महावितरण एकटीच. फक्त एक पुस्ती जोडा: विजेचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे पुस्तकातली 'जास्तीत जास्त नफ्याची किंमत' बिलावर शोधायला लावू नका.