टाच रेषेवर होती, तरी फाऊल का? नेट आणि मध्यरेषेच्या या चुका टाळा

सांगलीकडच्या यात्रा-उरुसातल्या व्हॉलीबॉल स्पर्धांत सर्व्हिसवरून किंवा रोटेशनवरून फारशी भांडणं होत नाहीत. भांडण पेटतं ते नेटपाशी. शिट्टी वाजली की अर्धं गाव मैदानात येतं आणि प्रत्येकाला नियम तोंडपाठ असतो, फक्त प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी शाळेत शिकलेला सांगतो, कुणी शूटिंग व्हॉलीबॉलच्या मैदानावरचा. शूटिंगबद्दल मला आदर आहे, पण तो खेळ वेगळा. इथे तिथले नियम चालत नाहीत.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक पहिली घेतो. ‘पाय रेषेवर आहे म्हणजे सुटलो’ असं मानणं.

नियम असा आहे. नेटखालून तुमचं पाऊल पलीकडच्या कोर्टात पडलं तरी चालतं, पण त्या पावलाचा काही भाग मध्यरेषेला टेकलेला किंवा थेट रेषेच्या वर, हवेत का होईना, असला पाहिजे. अख्खं पाऊल पलीकडे गेलं की फाऊल. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच वाक्यात पुढे आणखी एक अट आहे, ती कुणी वाचत नाही: समोरच्याच्या खेळात अडथळा होता कामा नये. म्हणजे पंच दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो. पाऊल पूर्ण गेलं का? आणि गेलं नसेल तरी त्यानं समोरच्याला अडवलं का? पहिल्यात सुटलात म्हणून दुसऱ्यात सुटत नाही.

तासगाव तालुक्यातल्या एका यात्रेतला सामना सांगतो. तीन सेटचा खेळ, शेवटचा सेट पंधराचा, स्कोअर १३-१३. मी दुसरा पंच, म्हणजे जमिनीवर खांबाजवळ, ब्लॉक करणाऱ्यांच्या बाजूला. लिफ्टरनं चेंडू नेटला चिकटवून दिला. चार नंबरवरचा पोरगा त्याच्या मागे धावत आला, उडाला आणि मारला. मारला चांगला, पण पुढे झेपावत. उजवं पाऊल पलीकडे उतरलं, टाच मात्र रेषेवर. चेंडू ब्लॉकरच्या हाताला लागून त्याच्याच मागे, हातभर अंतरावर वर उडाला. ब्लॉकर खाली आला तो थेट या पोराच्या पंजावर. घोटा मुरगळला, तो आडवा झाला आणि वळून सहज उचलता आला असता तो चेंडू त्याच्या शेजारी पडला.

मी शिट्टी दिली, मध्यरेषेकडे बोट दाखवलं. स्मॅश मारणाऱ्याचा फाऊल, १४-१३.

मग नेहमीचं. कुणीतरी मोबाइल नाचवत आला. “बघा की सर, टाच रेषेवर दिसतीया!” दिसत होतीच. मलाही तेव्हा दिसली होती. पाऊल पूर्ण गेलं म्हणून मी शिट्टी वाजवलीच नव्हती. समोरच्याला खेळता येण्याजोगा चेंडू त्या पावलामुळे खेळता आला नाही, म्हणून वाजवली. हे समजावून सांगण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात दुसरा सामना निम्मा झाला असता.

आता याच प्रसंगात थोडा फरक करून बघा. समजा चेंडू ब्लॉकला लागून मागच्या कोपऱ्यात गेला असता आणि तिथल्या खेळाडूनं तो उचलला असता. ब्लॉकर पडला असता तरी त्याचा त्या चेंडूशी संबंध नव्हता. पायाला पाय लागला एवढ्यावर फाऊल होत नाही, खेळ अडला पाहिजे. मी रॅली चालू दिली असती. दुसरा फरक असा: ब्लॉकरच पुढे झुकून रेषेच्या अलीकडे, स्मॅश मारणाऱ्याच्या बाजूला उतरला असता, तर ‘आत कोण आला’ हा प्रश्न त्याला लागू झाला असता. ओरडण्याआधी कुणाचा पाय कुठल्या कोर्टात होता, एवढं तरी बघावं.

आपल्या मातीच्या मैदानांवर या वादाला आणखी खतपाणी मिळतं, कारण रेषाच उरत नाही. मध्यरेषा ५ सेंटीमीटर रुंद हवी. फक्कीनं आखलेली रेषा सुरुवातीलाच वीतभर पसरते आणि दुसऱ्या सेटपर्यंत पुसून जाते. मग पोरं पायाचा ठसा दाखवायला लागतात. ठशावरून पाऊल कुठे टेकलं ते कळतं. पण टाच हवेत रेषेच्या वर होती का, हे माती सांगत नाही, आणि नियमात तेही चालतं. माझी सवय अशी की दोन्ही टोकांना खुणेचे दगड जमिनीत पुरून ठेवतो आणि प्रत्येक सेटच्या मध्ये दोरी धरून रेषा पुन्हा मारायला लावतो. आयोजक कुरकुर करतात. करू देत.

पण मुळात पाय पलीकडे का जातो? नव्वद टक्के वेळा नियमामुळे नाही, घाईमुळे. नवीन पोराला दोन महिन्यांत स्मॅशर व्हायचं असतं, पण थांबायला शिकायचं नसतं. धावत येतो, शेवटचं पाऊल न रोवता तसाच उडतो आणि धावण्याचा सगळा वेग त्याला नेटखाली घेऊन जातो. शेवटचं लांब पाऊल टाच आधी टेकवून टाकायचं, म्हणजे पुढचा वेग वर वळतो. माझ्याकडच्या सरावात नेटपासून हातभर आत जमिनीवर दोरी टाकलेली असते. उडी मारून त्या दोरीच्या अलीकडे उतरायचं. सुरुवातीला चेंडू नाहीच. ज्याला दोरी जमत नाही त्याला चेंडू मिळत नाही. यावर दरवर्षी दोघं-तिघं रुसून जातात. लिफ्टरलाही तेवढंच सांगतो, चेंडू नेटपासून हात-दीड हात लांब ठेव, चिकटवू नकोस. आणि सरावाला नेट खाली करून स्मॅशचा आनंद घेणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांच्या अंगात पुढे झेपावणंच भिनतं, आणि सामन्यात नेट २.४३ मीटरवर गेलं की तेच पाय पलीकडे घेऊन जातं.

हाताचं, गुडघ्याचं, पाठीचं काय? पावलाच्या वरचा कुठलाही भाग पलीकडच्या कोर्टाला टेकला तरी चालतो, अडथळा झाला नाही तर. डाइव्ह मारून हात आख्खा पलीकडे गेला म्हणून ओरडू नका. पूर्वी हाताला पावलासारखाच नियम होता आणि बाकीचं अंग टेकवायला बंदी होती, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या डोक्यात तेच बसलंय.

दुसरी लाडकी चूक: ‘नुसती वरची पट्टीच लागली तर फाऊल, खालची जाळी लागली तर चालतं.’ काही वर्षं नियम साधारण तसा होता खरा. २०१५ पासून तो बदलला. दोन अँटेनांच्या मधली जाळी, वरची पट्टी असो की खालची दोरी, चेंडू खेळण्याच्या क्रियेत लागली की फाऊल. आणि ‘क्रिया’ म्हणजे चेंडूला हात लागला तेवढा क्षण नव्हे. उडी घेणं, मारणं किंवा मारायचा प्रयत्न आणि नीट उतरून पुढच्या खेळाला तयार होणं, एवढं सगळं त्यात येतं. म्हणून “चेंडू कधीच पलीकडे गेला होता, मग नेट लागलं” हे कारण चालत नाही. तोल जाऊन उतरताना छाती जाळीला लागली तर तुम्ही अजून क्रियेतच आहात. हूल द्यायला उडालेला खेळाडूही यात येतो. त्यानं चेंडूला स्पर्श केला नाही, पण तो चेंडूजवळ खेळायच्या तयारीत होता. याउलट, नीट उतरून, वळून मागे जाताना खांदा जाळीला घासला आणि चेंडू लांब आहे, तर फाऊल नाही. फक्त जाळी धरून तोल सावरायचा नाही, ओढायची नाही. तिथे शिट्टी वाजणारच.

समोरच्यानं मारलेला चेंडू जाळीत बसला आणि जाळीच तुमच्या अंगावर आली, तर तुमचा दोष नाही. पण जाळी ढिली असेल तर ती नुसत्या वाऱ्यानंही पोटात येते आणि मग पंचाला कोण कुणाला लागलं तेच कळत नाही. आपल्याकडे वरची तार कचकून ताणतात आणि खालची दोरी खांबाला बांधायलाच विसरतात. सामन्याआधी ती ओढून बघायची. उंची मोजायची ती मैदानाच्या मधोमध, कारण झोळ तिथेच पडतो.

आता नेटखालून चेंडू काढण्याबद्दल. सहकाऱ्याचा पास जाळीत गेला, चेंडू खाली घसरत नेटखालून पलीकडे निघाला. इथे बहुतेक पोरं हात आखडतात, “पलीकडे गेला” म्हणतात. गेला नाही अजून. नेटच्या सरळ खाली एक उभी भिंत कल्पा. चेंडू त्या भिंतीच्या पूर्ण पार होईपर्यंत खेळात आहे. चेंडूची जाडी साधारण २१ सेंटीमीटर, म्हणजे त्याची पुढची कड रेषा ओलांडल्यावरही तेवढं अंतर तुमच्या हातात आहे. हात पलीकडे घालून तो अलीकडे उचलला तरी चालतो. पूर्ण पार झाला की चेंडू बाद, मग कितीही सुंदर उचला. पंच यासाठी नेटच्या रेषेत उभा राहून बघतो. प्रेक्षकांना कोपऱ्यातून जे दिसतं त्याला अर्थ नसतो. आणि पलीकडच्यानं तो चेंडू उचलायला येणाऱ्याच्या वाटेत मुद्दाम पाय घातला तर फाऊल त्याचा.

दोन्हीकडच्यांनी एकाच वेळी नेटला हात लावला तर रॅली पुन्हा. चेंडू मेल्यावर पलीकडे गेलात तर काहीच नाही.

आणि वाद घालायचाच असेल तर कॅप्टननंच पंचाकडे यावं. बाकीच्यांना विचारण्याचा अधिकार नाही. त्यानंही “सर, कसं काय फाऊल?” असं विचारू नये. विचारावं, “पाऊल पूर्ण गेलं म्हणून दिला, की अडथळ्यासाठी?” किंवा “उतरताना नेट लागलं का?” उत्तर एका वाक्यात मिळतं आणि मोबाइल खिशातच राहतो.