सर्व्हायव्हल कर्व्ह कसा वाचावा: मीडियन आणि सपाट शेपटी

सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणजे उपचारांच्या चाचणीतले किती टक्के रुग्ण काळ सरत गेला तसे टिकून राहिले, हे दाखवणारा आलेख; त्याच्या आडव्या अक्षावर वेळ असते. असा आलेख हाती आला की आधी उभा अक्ष काय मोजतोय ते वाचा. कधी तो जिवंत रुग्णांचं प्रमाण दाखवतो, तर कधी आजार न वाढता राहिलेल्यांचं. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. इथे आपण जिवंत रुग्णांचा आलेख घेऊ: रेषा १०० टक्क्यांवरून सुरू होते आणि कुणी दगावलं की एक पायरी उतरते. रेषेवरच्या बारीक उभ्या खुणा म्हणजे ज्यांची माहिती तिथपर्यंतच मिळाली असे रुग्ण. ते दगावलेले नसतात.

आता मीडियन. उभ्या अक्षावर ५० टक्क्यांपासून आडवी रेघ ओढा. ती कर्व्हला जिथे भेटते तिथून सरळ खाली या. खाली जो महिना दिसेल तो मीडियन, म्हणजे तोपर्यंत निम्मे रुग्ण दगावलेले असतात. उरलेले निम्मे पुढे किती जगले हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ‘डॉक्टरांनी अकरा महिने दिलेत’ असा त्याचा अर्थ लावणं म्हणूनच चूक आहे.

शरीरात पसरलेल्या मेलानोमावर, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगावर, दिलेल्या इपिलिमुमॅब या औषधाचं उदाहरण घ्या. अनेक चाचण्यांमधल्या १,८६१ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झाली. मीडियन होता ११.४ महिने. एवढंच वाचलं तर औषध बेताचंच वाटेल. पण कर्व्हवर बोट ठेवून उजवीकडे सरका: तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला, साधारण २१ टक्क्यांवर, उतार जवळजवळ थांबतो. काही रुग्णांची माहिती दहा वर्षांपर्यंतची होती, आणि तिथपर्यंत रेषा बरीचशी आडवीच राहिली. सुमारे पाचातला एक रुग्ण दीर्घकाळ जगला, आणि या औषधाबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मीडियनमध्ये दिसतच नाही.

मात्र प्रत्येक सपाट शेपटीवर, म्हणजे रेषेच्या उजवीकडच्या आडव्या टोकावर, असा विश्वास टाकू नका. आधी आलेखाखालची आकड्यांची ओळ पाहा. त्या त्या वेळी किती रुग्ण निरीक्षणाखाली उरले होते, हे तिथे दिलेलं असतं. समजा रेषा ४० टक्क्यांवर आडवी आहे. खाली २०० रुग्ण असतील, तर एक मृत्यू तिला ३९.८ वर आणेल. खाली दोनच असतील, तर तोच एक मृत्यू तिला थेट २० वर आपटेल. अशा वेळी सपाटी दिसते ती बहुतेकदा मोजायला माणसंच उरली नाहीत म्हणून. शेपटीवर उभ्या खुणांची दाटी असेल, तर बरेच रुग्ण चाचणीत उशिरा आले असण्याची शक्यता जास्त आणि त्यांचा पुढचा काळ अजून पाहिलाच गेलेला नाही.

आणि खरी सपाटी असली, तरी आपला रुग्ण त्या पाचातला एक ठरेल का, हे कर्व्ह सांगत नाही. डॉक्टरांना विचारायचं ते असं: या चाचणीतले रुग्ण आजाराच्या कुठल्या टप्प्यावर होते, आधी कोणते उपचार झाले होते, आणि आमची परिस्थिती त्यांच्याशी कितपत जुळते?