परदेशातल्या दोस्ताला उर्दू पत्र: ‘आप’ आणि ‘तुम’ची फसगत

लिपी हाताला बसली की नवशिका अल्क़ाबांची, म्हणजे पत्राच्या सुरुवातीच्या संबोधनांची, यादी पाठ करायला घेतो. गाइडांतल्या या याद्यांनीच निम्मी पत्रं बिघडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘क़िब्ला-ओ-काबा’ वडीलधाऱ्यांसाठी. दोस्ताला तसं लिहिलंत तर तो थट्टा समजेल. त्याला ‘प्यारे सलीम’ किंवा ‘बिरादर-ए-अज़ीज़’ पुरे.

खरा सापळा पुढे आहे. अल्क़ाब एका पातळीवरचा आणि क्रियापदं दुसऱ्या, असं होतं. आपल्या मराठी कानाला ‘तुम्ही’ आदराचं वाटतं, म्हणून ‘तुम’ही तसंच असेल असं धरून आपण मोठ्यांना बिनधास्त ‘तुम’ लिहितो. उर्दूत ते बरोबरीच्यांसाठी किंवा धाकट्यांसाठी. मग कुणीतरी टोकतं, आपण ‘आप’वर येतो आणि लिहितो ‘आप कैसे हो’. मुंबई-पुण्यात बोलताना हे सर्रास चालतं, पण पत्रात ‘आप कैसे हैं’च हवं. म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवा: तुम की आप. पत्र संपल्यावर एकदा फक्त याच शब्दांवरून नजर फिरवा: हो की हैं, तुम्हारा की आपका, लिखना की लिखिएगा. एकच ‘आपका’ चुकून राहिला तरी जवळच्या मित्राला वाटेल, हा रुसलाय की काय.

कतारमधल्या दोह्याला असलेल्या समवयस्क सलीमला लिहायचंय असं धरू. वर ठिकाण आणि तारीख, मग अल्क़ाब, मग ‘अस्सलामु अलैकुम’. इथे उच्चाराच्या नादाने मीमनंतर वाव घालू नका. तो ‘उ’ पेशचा आहे, लिहिला जात नाही. सलाम नको असेल तर ‘आदाब’ किंवा ‘तस्लीम’ तितकंच रीतीचं. पुढे:

‘मैं यहाँ ख़ैरियत से हूँ और तुम्हारी ख़ैरियत ख़ुदा से नेक मतलूब है। तुम्हारा ख़त मिला, पढ़कर दिल बाग़-बाग़ हो गया।’

साचेबद्ध वाक्यं एवढीच बस. मधला मजकूर साध्या बोलीत लिहा, भारी फ़ारसी शब्द आले नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. ग़ालिबची कितीतरी पत्रं नुसत्या ‘भाई’ किंवा ‘मियाँ’ने सुरू होतात.

शेवट मात्र घाईत उरकू नका, ओलावा तिथेच दिसतो. आधी घरच्यांना सलाम, मग उत्तराची मागणी, मग निरोप:

‘अम्मी-अब्बा को मेरा सलाम कहना और बच्चों को बहुत-सी दुआएँ। जवाब जल्द लिखना, इंतज़ार रहेगा। ख़ुदा हाफ़िज़।
तुम्हारा मुख़्लिस’

याखाली सही. सलीम वयाने मोठा असता तर ‘कहिएगा’, ‘लिखिएगा’, ‘आपका मुख़्लिस’.

लिफाफ्यावर मात्र उर्दूचा हट्ट नको. पत्ता रोमन लिपीत आणि देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहा. आखाती देशांत टपाल बहुधा पोस्ट बॉक्सवर येतं, तेव्हा तो क्रमांक आधी मागवून घ्या.