शाडूच्या गणेशमूर्ती विकणाऱ्यांनी हंगामातल्या पोस्ट कशा लिहाव्यात

मूर्तीचा सुंदर फोटो, त्याखाली ‘पर्यावरणपूरक बाप्पा, आजच नोंदणी करा’ एवढी ओळ आणि फोन नंबर अशी पोस्ट टाकली, की दिवसभर विक्रेत्याला त्याच चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. उंची किती, वजन किती, रंग कोणते, घरी विसर्जन होईल का? ही उत्तरे पोस्टमध्येच आणि योग्य वेळी दिलेली असली, तर विचारणा कमी होते आणि नोंदणी वाढते. हा लेख एका नेमक्या विक्रेत्याला समोर ठेवून लिहिला आहे. तो पेणहून शाडूच्या कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती आणतो, पुण्यात त्यांचे रंगकाम करून घेतो आणि सोबत कापडाची व पुठ्ठ्याची मखरे विकतो. तारखा २०२६ च्या आहेत.

पहिली पायरी : लिहिण्याआधी मोजणे आणि भिजवून पाहणे

पोस्ट लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक नमुन्याची एक मूर्ती वजनकाट्यावर ठेवावी आणि टेपने मोजावी. उंची बैठकीसह, मुकुटाच्या टोकापर्यंत मोजावी आणि तसे शब्दांत लिहावे, कारण काही कारखान्यांत उंची बैठकीपासून धरतात तर काही ठिकाणी बैठक वगळतात, आणि देव्हाऱ्याच्या कमानीत मूर्ती न मावल्याची तक्रार चतुर्थीच्या सकाळी येते. बैठकीची रुंदी आणि खोलीही नोंदवावी, कारण मूर्ती पाटावर आणि मखरात बसेल की नाही ते त्यावरच ठरते. वजन सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. शाडूची मूर्ती त्याच उंचीच्या पोकळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीपेक्षा बरीच जड असते. प्लास्टरच्या मूर्तीची सवय असलेल्या घरी मूर्ती उचलायला कोण जाणार, हे त्या घराला आधी ठरवावे लागते.

त्यानंतरची चाचणी बहुतेक विक्रेते करत नाहीत. वाहतुकीत हात किंवा कान तुटलेली एखादी मूर्ती बाजूला काढावी, बाकीच्या मूर्तींसाठी वापरतात तोच रंग तिला द्यावा आणि ती पूर्ण वाळल्यावर पाण्याच्या पिंपात बुडवावी. ती ढासळायला केव्हा सुरुवात झाली, पूर्ण चिखल होण्यास किती तास लागले, वर रंगाचा पापुद्रा तरंगला का, हे लिहून ठेवावे. पूर्ण वाळलेली कच्ची माती पाण्यात पटकन सुटते, तर आतून ओलसर राहिलेली मूर्ती उलट अधिक वेळ घेते. मूर्तीवर ऑइलपेंट किंवा वॉर्निशचा थर असेल, तर पाणी आत शिरत नाही आणि मूर्ती दुसऱ्या दिवशीही तशीच उभी दिसते. भाजलेल्या मातीची मूर्ती तर सुटतच नाही. ‘दोन तासांत विरघळते’ अशी दुसऱ्याच्या जाहिरातीतली ओळ उचलण्याऐवजी आपल्या पिंपात जे घडले तेच लिहावे.

दुसरी पायरी : तारखा उलट्या मोजणे

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या पोस्ट तारखेनुसार पुन्हा टाकल्या, तर ग्राहक तयार होण्याआधीच आपली घाई सुरू होते. तारीख न धरता सण धरावा. आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि राखी पौर्णिमा २८ ऑगस्टला आहे. या दोन दिवसांच्या मधला काळ मूर्ती निवडण्याचा असतो, आणि पौर्णिमेनंतरचा काळ मखर, आरास आणि घरपोच मूर्तीच्या वेळेचा.

आतल्या तारखा माती ठरवते. पावसाळी हवेत मूर्ती हळू वाळते. ओलसर मूर्ती गालाला किंवा तळहाताला थंड लागते आणि बैठकीजवळ तिचा रंग गडद दिसतो. अशा मूर्तीवर रंग चढवला, तर तो पुढे सुटतो. त्यामुळे ‘सोवळे तुमच्या आवडीच्या रंगाचे’ अशी सोय देणाऱ्याने त्याची अखेरची तारीख रंगाऱ्याला विचारूनच जाहीर करावी. आपल्या विक्रेत्याने ती २० ऑगस्ट ठेवली आहे. पोस्टमध्ये फक्त तारीख न देता तिच्यामागचे कारणही द्यावे : ‘रंग वाळायला आणि डोळ्यांच्या आखणीला वेळ हवा, म्हणून रंगाची निवड २० ऑगस्टपर्यंतच. त्यानंतर तयार मूर्तींमधून निवडता येईल.’ कारण कळले की ग्राहकाला ही तारीख खरी वाटते. दर आठवड्याला ‘शेवटचे दोन दिवस’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर तिसऱ्या आठवड्यापासून कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी पायरी : मूर्तीची मुख्य पोस्ट

एका पोस्टमध्ये एकच नमुना ठेवावा. चार फोटो पुरेत : समोरून, बाजूने, मागून, आणि एक फोटो शेजारी पट्टी किंवा समई ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढावेत. ट्यूबलाइटखाली पितांबराचा पिवळा हिरवट दिसतो आणि मग ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून वाद होतो. कच्च्या मूर्तीचा फोटोही पूर्वी कधीतरी टाकलेला असावा, कारण रंगाखाली खरोखर शाडू आहे याचा तो साधा पुरावा असतो.

मजकुराचा नमुना असा (किंमत केवळ उदाहरणादाखल आहे) :

‘शाडू मातीची बैठी मूर्ती, डावी सोंड. उंची बैठकीसह मुकुटाच्या टोकापर्यंत १२ इंच, बैठक ९ इंच रुंद. वजन सुमारे साडेपाच किलो, म्हणून नेताना दोन हात मोकळे ठेवावेत. रंग पाण्यात मिसळणारे, वर वॉर्निश नाही. मुकुटावरचे खडे आणि मोत्यांचा हार विसर्जनापूर्वी काढायचे आहेत, ते सहज निघतात. मूर्ती हाताने रंगवली जाते, त्यामुळे सोवळ्याची छटा फोटोपेक्षा थोडी वेगळी असू शकते. किंमत २,४०० रुपये, नोंदणीला ५०० रुपये. स्वतः नेल्यास ११ ते १३ सप्टेंबर, सकाळी ९ ते रात्री ८. नोंदणीसाठी नाव, नमुना क्रमांक आणि नेण्याचा दिवस कळवावा.’

यात स्तुतीचा एकही शब्द नाही, आणि तो लागतही नाही. मूर्तीचा चेहरा फोटोत दिसतोच. खड्यांविषयीचे वाक्य मात्र गाळू नये. ते गाळले, तर माती आहे म्हणून निर्धास्त झालेला ग्राहक प्लास्टिकचे मोतीही पाण्यात सोडतो. सोंडेची दिशाही नेहमी लिहावी, कारण उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे-ओवळे कडक मानणारी घरे पुष्कळ आहेत आणि पुढून विचारायला ती संकोचतात. कोकणातल्यासारखा स्वतःचा पाट आणून देणारे ग्राहक असतील, तर पाट केव्हापर्यंत पोचवायचा हेही याच पोस्टमध्ये सांगावे.

ही पोस्ट व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकली, तर २४ तासांत नाहीशी होते. म्हणून ती कॅटलॉगमध्ये नमुना क्रमांकासह ठेवावी आणि स्टेटसवर फक्त फोटो, उंची आणि क्रमांक द्यावा. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या ग्राहकांना आषाढातच नंबर साठवण्याची विनंती करावी.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द कसा वापरावा

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांचा रोख असा, की मोघम शब्द वापरायचा तर तो कशाला लागू आहे ते सोबत स्पष्ट सांगावे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात हेच शहाणपणाचे आहे. माती, रंग, दागिने आणि वेष्टन या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. मूर्ती शाडूची असून वेष्टन बबलरॅपचे असेल, तर तेही लिहावे आणि ते परत घेण्याची सोय करावी.

शाडू आणि लाल माती यांची गल्लत तर हमखास होते. बिया घातलेल्या लाल मातीच्या मूर्ती कुंडीत विरघळवून रोप उगवता येते, म्हणून शाडूबद्दलही तसेच लिहिले जाते. शाडू अतिशय बारीक आणि चिकट असते, तिच्यात पोषक द्रव्ये फारशी नसतात आणि वाळल्यावर ती कडक होते. कुंडीत तिचा जाड थर घातला, तर पाणी मुळांपर्यंत उतरत नाही. बागेच्या मातीत थोडी मिसळावी, इतकेच म्हणणे योग्य.

प्लास्टरच्या मूर्तींवर टीका करणाऱ्या पोस्ट टाळाव्यात. नियम सांगायचाच असेल, तर तो विसर्जनापुरता आणि अद्ययावत सांगावा. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती बनवण्याला मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांच्या विसर्जनाला दिली नाही. त्यामुळे ‘पीओपीवर बंदी आहे’ असे सरसकट वाक्य चुकीचे ठरते. पोस्ट टाकण्यापूर्वी आपल्या महापालिकेची त्या वर्षीची सूचना पाहून घ्यावी.

आरास

सजावटीच्या पोस्ट थोडक्यात आवरता येतात. मखराच्या आतली रुंदी, उंची आणि खोली द्यावी आणि आपल्या कोणत्या क्रमांकाच्या मूर्ती त्यात बसतात ते लिहावे, म्हणजे दोन्ही वस्तू एकत्र घेतल्या जातात. थर्माकोलच्या सजावटीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याची जागा घेतलेले फोमशीट आणि प्लास्टिकची फुले मात्र पर्यावरणपूरक म्हणून खपवली जातात, तसे करू नये. कापडी मखर घडी घालून किती जागेत मावते, हे सांगितलेले ग्राहकाला फार उपयोगी पडते, कारण छोट्या घरात पुढच्या वर्षीपर्यंत ते ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न असतो.

मूर्ती नेताना आणि विसर्जनासाठी

१० सप्टेंबरच्या सुमारास नेण्याविषयीची पोस्ट टाकावी. मूर्ती बैठकीखाली दोन्ही हात घालून उचलावी, हात, सोंड किंवा मुकुटाला धरून उचलू नये. गाडीत आडवी ठेवू नये आणि पावसाचे पाणी लागू देऊ नये. नेताना मूर्ती दुखावली तर विक्रेता काय करणार, तेही आधीच जाहीर करावे. आपला विक्रेता दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी ग्राहकासमोर मूर्ती चारही बाजूंनी दाखवतो आणि त्याच उंचीच्या काही मूर्ती चतुर्थीच्या सकाळपर्यंत राखून ठेवतो. पोस्टमध्ये तो हे दोन्ही लिहितो, कारण खंडित मूर्तीची प्रतिष्ठापना होत नाही आणि त्या क्षणी पैसे परत मिळून घरच्यांचे काहीच भागत नाही.

विसर्जनाची पोस्ट अनंत चतुर्दशीची, म्हणजे २५ सप्टेंबरची वाट पाहत ठेवू नये. दीड दिवसाचे गणपती १५ तारखेलाच जातात, म्हणून ती १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पोचलेली असावी. तिच्यात असे लिहावे : निर्माल्य, वस्त्र आणि दागिने आधी काढावेत, भांडे मूर्तीपेक्षा उंच आणि बैठकीपेक्षा रुंद असावे, पाणी मुकुटाच्या वर यावे, काठीने ढवळू नये किंवा मूर्ती फोडू नये, आपल्या चाचणीत लागले तितके तास थांबावे. १२ इंची मूर्तीला घरातली नेहमीची बादली बहुधा अपुरी पडते, तेव्हा टब किंवा पिंप सुचवावे. माती तळाशी बसली की वरचे पाणी हळूच काढून घ्यावे. गाळ मोरीत ओतू नये, कारण शाडू नळीत बसून ती तुंबवते. हा गाळ कापडावर पसरून वाळवावा. पुण्यात विसर्जनानंतरची शाडू माती गोळा करून मूर्तिकारांकडे परत पाठवण्याचे काम काही वर्षे सुरू आहे. विक्रेत्यानेही आपल्या दुकानात ती स्वीकारण्याचे दिवस आणि वेळ याच पोस्टमध्ये द्यावी, आणि त्या मातीत दुसऱ्या मूर्तीचे प्लास्टर किंवा कुंडीतली माती मिसळू नये, अशी स्पष्ट सूचना लिहावी. भेसळ झालेली माती मूर्तिकाराच्या कामाची राहत नाही.