कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावताय? या चुका टाळा

संचालकांनी कंपनीचे नुकसान केले, तर दावा लावण्याचा अधिकार मुळात कंपनीचा. 1843 च्या फॉस विरुद्ध हार्बॉटल या इंग्लिश खटल्यातला हा नियम आपली न्यायालयेही मानतात. पण ज्यांच्यावर दावा लावायचा, त्यांच्याच हातात कंपनी असेल तर ती दावा लावणार कशी? म्हणून अशा वेळी भागधारकाला कंपनीच्या वतीने उभे राहता येते. यालाच डेरिव्हेटिव्ह दावा म्हणतात. 2013 च्या कंपनी कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम नाही. सगळा डोलारा जुन्या निकालांवर असल्याने वादपत्र ढिले राहिले की दावा सुरुवातीलाच अडकतो.

एक उदाहरण धरू. खासगी कंपनी, 12 सभासद. दोघे भाऊ संचालक, त्यांच्याकडे 70 टक्के शेअर. कंपनीचा 9 कोटींचा प्लॉट त्यांनी एकाच्या पत्नीच्या भागीदारी फर्मला 6 कोटींना विकला. तुमचे शेअर 6 टक्के.

स्वतःचे 18 लाख मागणे

3 कोटींचे 6 टक्के म्हणजे 18 लाख, असा हिशेब करून तेवढीच रक्कम स्वतःसाठी मागितली जाते. नुकसान कंपनीचे झाले आहे. तुमच्या शेअरची किंमत उतरली ती त्याचीच सावली, तिची वेगळी भरपाई मिळत नाही. मागणी पूर्ण 3 कोटींची हवी आणि ती रक्कम कंपनीच्या खात्यात जमा व्हावी, असे वादपत्रात स्पष्ट लिहायला हवे. वादी तुम्ही, पण कंपनीलाही प्रतिवादी करा, म्हणजे हुकूमनामा तिच्यावर बंधनकारक होतो आणि पैसे तिला देता येतात. हे राहूनच जाते.

‘स्वस्तात विकले’ एवढ्यावर थांबणे

बरेच दावे इथे पडतात. इंग्लंडमधले दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. पाव्हलिडीस विरुद्ध जेन्सन (1956) मध्ये दहा लाख पौंडांची म्हटलेली खाण 1,82,000 पौंडांना विकल्याची तक्रार होती. आरोप निष्काळजीपणाचाच होता, संचालकांनी स्वतः काही कमावल्याचा नव्हता, म्हणून दावा चालला नाही. डॅनियल्स विरुद्ध डॅनियल्स (1978) मध्ये कंपनीची जमीन एका संचालिकेला 4,250 पौंडांना मिळाली आणि तिने ती पुढे 1,20,000 पौंडांना विकली. तिथेही फसवणुकीचा आरोप नव्हता, पण फायदा संचालिकेच्या पदरात पडला होता, म्हणून दावा चालला.

तेव्हा आपल्या उदाहरणात फायदा कुणाला झाला हा मुद्दा फरकाच्या रकमेइतकाच महत्त्वाचा. खरेदीखताची सूची क्रमांक 2, विक्रीच्या तारखेचा मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल आणि फर्ममधल्या भागीदारांची नावे जोडा. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क भागधारकाला नसतो, त्यामुळे ती मागण्यात महिने घालवू नका. सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते कलम 119 खाली आणि संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांची नोंदवही कलम 189 खाली पाहता येते. प्लॉटचा व्यवहार त्या नोंदवहीत नसेल, तर ते न दिसणेही पुरावाच आहे.

ठराव झाला म्हणून हार मानणे

नोटीस जाताच भाऊ सभा बोलावतात आणि 70 टक्क्यांच्या जोरावर विक्रीला मान्यता देतात. खासगी कंपनीला 2015 च्या अधिसूचनेने सूट असल्याने संबंधित व्यक्तींशी होणाऱ्या व्यवहारांच्या कलम 188 खालच्या ठरावावर संबंधित सभासदही मत देऊ शकतो. पण एवढ्याने दावा संपत नाही. कुक विरुद्ध डीक्स (1916) मध्ये तीन संचालकांनी कंपनीकडे येणारे रेल्वेचे काम स्वतःकडे वळवले आणि आपल्याच मतांनी ते मंजूर करून घेतले. बहुमताने स्वतःलाच कंपनीची मालमत्ता बहाल करता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने म्हटले. मात्र सभेत तुम्ही स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर केला असेल, तर पुढे बोलायला तोंड राहत नाही. विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.

चुकीच्या दारात जाणे

दिवाणी दाव्यात ‘संचालकांना काढा, कारभार आमच्या हाती द्या’ अशा मागण्या घातल्या, की असे विषय दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारे कंपनी कायद्याचे कलम 430 पुढे करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र फेटाळण्याचा अर्ज येतो. त्या मागण्या कलम 241 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे करायच्या. तिथे कलम 242 नुसार संचालकांचा गैरफायदा वसूल करता येत असल्याने आपल्या उदाहरणात तोच मार्ग आधी तपासावा.

6 टक्के शेअर म्हणजे 10 टक्क्यांची अट बसत नाही, म्हणून अनेकजण तिथूनच परततात. कलम 244 मध्ये सभासदसंख्येचाही पर्याय आहे: 100 सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा भाग, यातला कमी आकडा. 12 चा दहावा भाग 1.2, म्हणजे दोघे पुरे. आणखी एका सभासदाची लेखी संमती घ्या, ती अर्जाच्या आधीच्या तारखेची असू द्या आणि तिच्यात नेमक्या कोणत्या व्यवहाराविरुद्ध अर्ज आहे ते लिहा. कोऱ्या संमतीपत्रावर घेतलेली सही विरुद्ध बाजू हमखास खोडून काढते. तेही जमले नाही तर अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो.

दोन्ही मार्गांना मुदतीचा कायदा लागू आहे आणि साधारण तीन वर्षे धरून चालावे. प्रतिवादी मुदत खरेदीखत नोंदवल्याच्या तारखेपासून मोजायला लावतील. व्यवहार लपवलेला असेल तर तो तुम्हाला कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून कळला हे वादपत्रातच मांडा.