बँकेत १९.९२ लाख, उलाढाल मात्र २१.६० लाख: फ्रीलान्सरनी बिलात आणि जीएसटीत या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईत घरातून काम करणारे डिझायनर, डेव्हलपर, अनुवादक, कंटेंट लिहिणारे आता सोसायटीच्या प्रत्येक विंगमध्ये सापडतात. जीएसटीबद्दल विचारलं तर बहुतेकांना एक आकडा पाठ असतो: वीस लाख. आकडा बरोबर आहे. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याची एका आर्थिक वर्षातली उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. चाळीस लाखांची मर्यादा केवळ माल विकणाऱ्यांसाठी आहे, ती आपल्याला लागू नाही. खरी गडबड होते ती हे वीस लाख कुठून मोजायचे, यात. बहुतेक जण मार्चअखेर बँकेचं स्टेटमेंट उघडतात आणि जमा रकमांची बेरीज करतात.

चूक पहिली: बँकेत आलेले पैसे म्हणजे उलाढाल

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, घोडबंदर रोडला राहणारी एक यूआय डिझायनर आहे. महापेतल्या एका कंपनीचं दरमहा ९०,००० रुपयांचं काम, बेंगळुरूच्या एका फर्मचं ५०,००० चं आणि परदेशातल्या एका ग्राहकाचं साधारण ४०,००० चं. म्हणजे महिन्याला १,८०,००० ची बिलं. दोन्ही भारतीय ग्राहक व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापतात, त्यामुळे खात्यात ८१,००० आणि ४५,००० येतात. परदेशातले ४०,००० धरले तर महिन्याची जमा १,६६,००० होते. बारा महिन्यांच्या बिलांचे १९,९२,०००. वीस लाखांच्या आत, म्हणून ती निश्चिंत असते.

पण उलाढाल मोजायची असते बिलावरच्या रकमेवर, टीडीएस कापण्याआधीच्या. कापलेला टीडीएस हे तुमचंच उत्पन्न आहे, फक्त ते तुमच्या नावाने सरकारकडे जमा झालेलं असतं. बिलांची बेरीज होते २१,६०,०००. फेब्रुवारीअखेर ती १९,८०,००० वर होती आणि मार्चच्या बिलांनी मर्यादा ओलांडली.

दुसरा गैरसमज परदेशी ग्राहकाबद्दलचा. ‘एक्स्पोर्टवर टॅक्स नाही, मग ते कशाला मोजायचं?’ असं अनेक जण विचारतात. कर शून्य असणं वेगळं आणि उलाढालीत न धरणं वेगळं. निर्यातीची रक्कम वीस लाखांत धरलीच जाते. करमाफ सेवाही धरल्या जातात. कळव्यातला फ्लॅट एखाद्या कुटुंबाला राहायला भाड्याने दिला असेल आणि भाडं तुमच्या पॅनवर येत असेल, तर तेही याच बेरजेत येतं, कारण उलाढाल पॅनवर आणि संपूर्ण देशाची मिळून मोजतात. नोकरीचा पगार मात्र धरायचा नाही. एखाद्या प्लॅटफॉर्मवरून काम घेत असाल, तर त्यांचं कमिशन वजा होण्याआधीची, ग्राहकाला लावलेली रक्कम धरा.

एक दिलासाही आहे. बेंगळुरू किंवा परदेशातला ग्राहक असला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, असं अजूनही सांगितलं जातं. सेवांसाठी तसं नाही. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेपासून राज्याबाहेर सेवा देणाऱ्यालाही २० लाखांपर्यंत सूट आहे.

म्हणून एक साधी वही किंवा एक्सेल शीट ठेवा: बिल क्रमांक, तारीख, टीडीएसआधीची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात एप्रिलपासूनची चालू बेरीज. ती १७-१८ लाखांवर गेली की कागदपत्रांच्या तयारीला लागा.

चूक दुसरी: रिटर्न भरताना बघू

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. हे ३० दिवस का महत्त्वाचे, ते आपल्या डिझायनरच्या उदाहरणात नीट दिसतं. तिने एप्रिलमध्ये मुदतीत अर्ज केला, तर नोंदणी मर्यादा ओलांडली त्या तारखेपासूनच लागू होते. प्रमाणपत्र हातात येईपर्यंतच्या काळात जी बिलं गेली, त्यांच्या जागी प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्यात सुधारित टॅक्स इन्व्हॉइस देता येतात. कंपनी वरचा १८ टक्के जीएसटी देते, त्याचं क्रेडिट घेते, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या जीएसटीतून वजा करते, आणि कुणाचंच नुकसान होत नाही.

आता समजा तिला हे जुलैत, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना कळलं. उशिरा अर्ज केला की नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागू होते. कर भरण्याची जबाबदारी मात्र आधीपासूनचीच राहते. मार्चचा हिशोब बाजूला ठेवला तरी एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत दोन भारतीय ग्राहकांची बिलं झाली ४,२०,००० ची. त्यावर १८ टक्के म्हणजे ७५,६०० रुपये. मधल्या काळाचं सुधारित इन्व्हॉइस देता येत नसल्याने कंपनीला क्रेडिट मिळत नाही, आणि क्रेडिट नसलेला कर कोणतं अकाउंट्स खातं आनंदाने देईल? तो खिशातून जातो. वर व्याज, आणि दंड लागला तर तो १०,००० रुपये किंवा कराची रक्कम, यातला जो आकडा मोठा तो असू शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की ही बेरीज दर महिन्याला करा.

चूक तिसरी: नोंदणी नसताना बिलावर जीएसटी

कुणाचं तरी टेम्प्लेट घेतलं, त्यात १८ टक्क्यांची ओळ होती, तशीच राहिली. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करता येत नाही, आणि केलाच तर ती रक्कम सरकारजमा करावी लागते. नोंदणीपूर्वीच्या बिलाला ‘टॅक्स इन्व्हॉइस’ म्हणू नका, नुसतं ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘बिल’ म्हणा. त्यावर तुमचं पॅनवरचं नाव, पत्ता, पॅन, बिल क्रमांक, तारीख, ग्राहकाचं कायदेशीर नाव, कोणत्या काळाचं कोणतं काम, रक्कम आणि बँकेचा तपशील हवा. पॅन दिला नाही तर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जातो. ‘डिझाइन वर्क’ एवढंच लिहिलेलं बिल अकाउंट्समध्ये अडकून पडतं; ‘जून महिन्याचं मोबाइल ॲपच्या आठ स्क्रीनचं डिझाइन’ असं लिहिलं आणि पर्चेस ऑर्डरचा क्रमांक टाकला, तर मागे फोन करत बसावं लागत नाही.

नोंदणीनंतरचं बिल: इथे अडतं

टॅक्स इन्व्हॉइसवर वरच्या गोष्टींबरोबर तुमचा आणि ग्राहकाचा जीएसटीआयएन, सेवेचा सॅक कोड, करपात्र रक्कम, कराचा दर आणि रक्कम, राज्याबाहेरचं काम असेल तर सेवेचं ठिकाण व राज्याचं नाव, रिव्हर्स चार्ज, म्हणजे कर तुमच्याऐवजी ग्राहकाने थेट भरायचा, हे लागू आहे की नाही आणि सही, एवढं लागतं. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर कोडचे चार आकडे पुरतात. बऱ्याच व्यावसायिक सेवा 9983 खाली येतात. काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल द्यायचं असतं.

बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ, एवढंच चालतं. `INV-MAHAPE-2025-0001` मध्ये वीस अक्षरं होतात, म्हणून ते बसत नाही, `MH/2526/001` बसतं. क्रमांक ओळीने हवेत आणि एका आर्थिक वर्षात एकच क्रमांक दोनदा येता कामा नये. ग्राहकांनुसार वेगळी मालिका चालते, पण मग तिथेही मधला क्रमांक गाळायचा नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी, यात. ग्राहकाच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे पाहा. २७ म्हणजे महाराष्ट्र: ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. दुसरा आकडा असेल तर १८ टक्के आयजीएसटी. ऐरोली-महापेतल्या अनेक कंपन्यांच्या नोंदण्या दोन-तीन राज्यांत असतात. तुम्ही भेटता महापेला आणि ऑर्डर येते बेंगळुरूच्या नोंदणीवरून. ज्या नोंदणीवर ऑर्डर आहे तिचाच पत्ता आणि तिचाच क्रमांक बिलावर घ्या, आणि gst.gov.in वर तो शोधून नाव जुळतं का पाहा. चुकीचा कर भरला गेला तर योग्य तो कर भरून चुकीच्याचा परतावा मागता येतो, पण तोपर्यंत दुप्पट पैसे अडकतात.

कराची ओळ वेगळी दाखवा, कारण टीडीएस कराशिवायच्या रकमेवर कापायचा असतो. ९०,००० च्या बिलावर १६,२०० जीएसटी धरून १,०६,२०० होतात. टीडीएस ९,०००, खात्यात ९७,२००. एकत्र १,०६,२०० लिहून मोकळे झालात तर कंपनी १०,६२० कापू शकते.

परदेशी ग्राहकासाठी नोंदणीनंतर पोर्टलवर `RFD-11` मध्ये एलयूटी हे हमीपत्र भरायचं असतं, आणि ते दर आर्थिक वर्षी नव्याने. ते असेल तर कर न भरता निर्यात करता येते. बिलावर एलयूटीखाली आयजीएसटी न भरता निर्यात, असा इंग्रजीतला ठरलेला शेरा हवा:

```
SUPPLY MEANT FOR EXPORT UNDER BOND OR LETTER OF
UNDERTAKING WITHOUT PAYMENT OF INTEGRATED TAX
```

‘जीएसटी नंबर नसेल तर काम नाही’

असं एखादी कंपनी म्हणते तेव्हा वीस लाखांच्या आतही स्वेच्छेने नोंदणी घेता येते. पण मग सवलत संपते. पहिल्या बिलापासून प्रत्येक भारतीय ग्राहकाला १८ टक्के लावावे लागतात आणि काम नसलेल्या काळाचंही शून्य रिटर्न भरावं लागतं. ते राहिलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. लग्नाचे अल्बम किंवा घरगुती क्लास असे नोंदणी नसलेले ग्राहक जास्त असतील, तर त्यांना क्रेडिट मिळत नाही आणि तुमचा दर थेट १८ टक्क्यांनी महाग होतो. सेवांसाठी ५० लाखांपर्यंतची ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, पण तिच्यात राज्याबाहेर सेवा देता येत नाही. आपल्या डिझायनरला बेंगळुरू आणि परदेश दोन्ही सोडावे लागतील.

घराचा पत्ता व्यवसायाचं ठिकाण म्हणून चालतो. स्वतःचं घर असेल तर विजेचं बिल किंवा मालमत्ता कराची पावती, भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाचं वीजबिल, आई-वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि वीजबिल. वीजबिलावरचं नाव आणि करारातलं मालकाचं नाव वेगळं असेल, किंवा फ्लॅट क्रमांक जुळत नसेल, तर अर्जावर शंका निघते. म्हणून नोंदणीचा `REG-01` अर्ज भरायला बसण्याआधी हे कागद एकमेकांशेजारी ठेवून नाव आणि पत्ता अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.